छेदात काय आहे ते बघा

पोषणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रथिनांचा धडा संपता संपता एक तक्ता येतो. डावीकडे पदार्थांची नावे, पुढे 'जैविक मूल्य' आणि 'प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर' असे दोन रकाने. गृहविज्ञान, नर्सिंग, अन्नतंत्रज्ञान, वैद्यकातले समाजवैद्यक, नाहीतर नेटची तयारी, कुठलीही परीक्षा असो, हा तक्ता पाठ करावाच लागतो आणि परीक्षा झाल्यावर तो डोक्यातून निघून जातो. जाणारच, कारण कारण न कळता पाठ केलेला आकडा टिकत नाही.

या तक्त्यातल्या दोनच ओळी शेजारी ठेवून पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या संकलनात पॉलिश केलेल्या तांदळाचे जैविक मूल्य ६४.० आहे आणि सबंध गव्हाचे ६४.७. म्हणजे दोघे बरोबरीत, गहू किंचित पुढेच. आता दुसरा रकाना पाहा. कार्यक्षमता गुणोत्तर तांदळाचे २.१८ आणि गव्हाचे १.५३. इथे तांदूळ चांगलाच पुढे निघून गेला. धान्ये तीच, संकलनही तेच. मग तांदळाचे प्रथिन चांगले की गव्हाचे?

हुशार परीक्षक हाच प्रश्न विचारतो आणि खाली 'कारण द्या' असे लिहितो. कारण द्यायचे असेल तर या मापांची सूत्रे भागाकार म्हणून वाचावी लागतात. अंशात काय मोजले, छेदात काय मोजले आणि कोणाच्या अंगावर मोजले, एवढे कळले की पाठ करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

नायट्रोजनचा हिशेब

कर्बोदकांत आणि स्निग्धांशात नायट्रोजन नसतो, प्रथिनात असतो. प्रथिनाच्या वजनात त्याचा वाटा साधारण १६ टक्के, म्हणून नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रथिन निघते. शरीरात गेलेल्या प्रथिनाचा माग काढायचा तर नायट्रोजनचा जमाखर्च लिहावा, या विचारातून जैविक मूल्याची कल्पना आली. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल थॉमस यांनी ती १९०९ मध्ये मांडली. पुढे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या हॅरॉल्ड मिचेल यांनी १९२४ च्या सुमारास मोजणीची पद्धत पक्की केली. आज शिकवले जाते ते मिचेल यांचे सूत्र.

व्याख्या छोटी आहे: शोषल्या गेलेल्या नायट्रोजनपैकी किती टक्के नायट्रोजन शरीराने ठेवून घेतला. खोच आहे ती 'शोषल्या गेलेल्या' या शब्दात आणि तो शोधायच्या रीतीत. विष्ठेत जो नायट्रोजन सापडतो तो सगळाच न पचलेल्या अन्नाचा नसतो. आतड्याच्या झडलेल्या पेशी, पाचक रस आणि जंतू यांचाही त्यात भाग असतो. लघवीतही तसेच. प्रथिन अजिबात खाल्ले नाही तरी शरीराच्या नेहमीच्या झिजेचा नायट्रोजन बाहेर पडतच राहतो. म्हणून प्रयोगातल्या माणसाला किंवा उंदराला आधी काही दिवस प्रथिनरहित आहार देतात, तेव्हाची विष्ठा आणि लघवी मोजतात आणि नंतरच्या आकड्यांतून ती वजा करतात.

परीक्षेत येते तसे एक गणित घेऊ. चाचणीच्या आहारातून रोज ८.० ग्रॅम नायट्रोजन पोटात गेला. विष्ठेतून १.६ आणि लघवीतून ४.० ग्रॅम बाहेर पडला. प्रथिनरहित आहारावर असताना विष्ठेत ०.८ आणि लघवीत २.० ग्रॅम सापडला होता.

आधी शोषण पाहू. विष्ठेतल्या १.६ पैकी ०.८ शरीराचाच होता, म्हणजे अन्नातला न पचलेला ०.८. आठातून तो गेला, शोषला गेला ७.२. आता धारणा. लघवीतल्या ४.० पैकी २.० झिजेचा, म्हणजे अन्नातून येऊन वाया गेलेला २.०. सात पूर्णांक दोनमधून तो वजा केला की शरीरात राहिला ५.२. जैविक मूल्य म्हणजे ५.२ भागिले ७.२, गुणिले १००, उत्तर ७२.

घाईत विद्यार्थी ती प्रथिनरहित दिवसांची वजाबाकी विसरतात. मग शोषण येते ६.४, धारणा येते २.४ आणि जैविक मूल्य ३७.५. उत्तर जवळजवळ निम्मे होते. असला आकडा आला तर ओळखावे की शरीराची झीज अन्नाच्या नावावर मांडली गेली आहे. चांगल्या प्रश्नपत्रिकेत चार पर्यायांपैकी एक हा चुकीचा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो.

याच गणितातून आणखी दोन उत्तरे निघतात. खाल्लेल्या ८.० पैकी ७.२ शोषला गेला, म्हणून खरी पचनीयता ९० टक्के. खाल्लेल्या ८.० पैकी ५.२ शरीरात राहिला, म्हणून निव्वळ प्रथिन उपयोगिता ६५. यात नवीन काही मोजलेले नाही, फक्त छेद बदलला. जैविक मूल्याच्या छेदात आतड्याने घेतलेला नायट्रोजन आहे, निव्वळ उपयोगितेच्या छेदात ताटातला. म्हणूनच जैविक मूल्याला पचनीयतेने गुणले की निव्वळ उपयोगिता मिळते: ७२.२ गुणिले ०.९०, बरोबर ६५.

या एका फरकावर कितीतरी प्रश्न बेतलेले असतात. समजा 'अ' प्रथिनाचे जैविक मूल्य ९० आहे पण पचनीयता ६० टक्के, आणि 'ब' चे जैविक मूल्य ७० पण पचनीयता ९५ टक्के. जेवणात कोणते चांगले? 'अ' ची निव्वळ उपयोगिता ५४ येते, 'ब' ची ६६.५. ज्याचे जैविक मूल्य कमी तेच ताटात सरस ठरले. न पचता बाहेर पडलेल्या भागाबद्दल जैविक मूल्याला काहीच म्हणायचे नसते, कारण तो भाग त्याच्या छेदात कधी आलेलाच नसतो. डाळी, कोंडा असलेली धान्ये, कच्च्या शेंगा यांच्याबाबतीत ही उणीव जास्त जाणवते.

निव्वळ उपयोगितेचा दुसरा उपयोग गरज काढताना होतो. शरीराला प्रत्यक्ष वापरासाठी दिवसाला २६ ग्रॅम प्रथिन हवे आहे असे गणितात दिले आणि आहाराची निव्वळ उपयोगिता ६५ असली, तर ताटात ४० ग्रॅम प्रथिन लागेल. उपयोगिता ५२ वर आली की ५० ग्रॅम लागेल. उपयोगिता घटली की गरज वाढते. हे व्यस्त नाते विचारणारा एक गुणाचा प्रश्न वैद्यकाच्या परीक्षांत नेहमीचाच.

उंदराचे वजन

नायट्रोजनचा जमाखर्च ठेवणे किचकट काम आहे. विष्ठा गोळा करा, लघवी गोळा करा, दोन्ही वेगळी ठेवा, आणि हे सगळे दोनदा करा. त्यापेक्षा वाढत्या वयाच्या उंदराला प्रथिन खाऊ घालावे आणि त्याचे वजन करावे, हे सोपे. कनेक्टिकटमधल्या कृषी संशोधन केंद्रातले थॉमस ऑस्बोर्न आणि येल विद्यापीठातले लाफायेट मेंडेल यांनी एडना फेरी यांच्यासह १९१९ मध्ये हे माप सुचवले. वाढलेले वजन भागिले खाल्लेले प्रथिन, दोन्ही ग्रॅममध्ये. हेच प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर, इंग्रजी आद्याक्षरांनी पीईआर.

पुढे या चाचणीच्या अटी ठरून गेल्या. दूध तुटलेले, साधारण २१ दिवसांचे उंदीर घ्यायचे, आहारात प्रथिन १० टक्के ठेवायचे आणि २८ दिवस चाचणी चालवायची. दहा टक्क्यांची अट उगाच घातलेली नाही. आहारातले प्रथिन वाढवत नेले की हे गुणोत्तर आधी चढते आणि मग उतरू लागते. गरजेपेक्षा जास्त मिळालेले प्रथिन शरीर इंधन म्हणून जाळते, ते वजनात दिसत नाही. जैविक मूल्याचेही असेच आहे. प्रथिन कमी खाल्ले असताना ते जास्त दिसते आणि भरपूर खाल्ले की खाली येते. त्यामुळे प्रथिनाची पातळी न सांगता दिलेला आकडा अर्धवटच म्हणायचा.

आता गणित. एका उंदराने २८ दिवसांत ३०० ग्रॅम आहार खाल्ला, त्यात प्रथिन १० टक्के. वजन ६६ ग्रॅमने वाढले. प्रथिन झाले ३० ग्रॅम, गुणोत्तर २.२. छेदात ३०० घालणे ही इथली ठरलेली चूक, उत्तर ०.२२ आले की समजावे, प्रथिनाऐवजी सगळा आहारच भागाकारात गेला.

पण प्रश्न बहुधा इथे संपत नाही. पुढे लिहिलेले असते, 'त्याच प्रयोगशाळेत केसीनच्या गटाचे गुणोत्तर ३.० आले, सुधारित गुणोत्तर काढा.' केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन. उंदरांचे वाण, पिंजऱ्याचे तापमान आणि आहारातले बाकीचे घटक यांमुळे एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नाही. म्हणून प्रत्येक चाचणीत केसीन खाणारा एक गट ठेवतात, केसीनचे गुणोत्तर २.५ असे धरून चालतात आणि बाकीचे आकडे त्या प्रमाणात खालीवर करतात. इथे २.२ गुणिले २.५ भागिले ३.०, उत्तर १.८३. त्या प्रयोगशाळेत सगळेच उंदीर जरा जास्त वाढत होते, ती वाढ या पायरीत काढून टाकली.

या मापाचा मोठा दोष अंशात आहे. अंशात फक्त वाढ मोजली जाते. एखाद्या प्रथिनावर उंदीर महिनाभर जिवंत राहिला, त्याचे वजन घटलेही नाही आणि वाढलेही नाही, तर गुणोत्तर शून्य. झीज भरून काढण्यासाठी वापरलेल्या प्रथिनाला इथे एकही गुण नाही. त्यामुळे २ गुणोत्तराचे प्रथिन १ गुणोत्तराच्या प्रथिनाच्या दुप्पट चांगले आहे असे म्हणता येत नाही. ही उणीव भरण्यासाठी बेंडर आणि डोएल यांनी १९५७ मध्ये एक दुरुस्ती सुचवली. प्रथिनरहित आहारावर ठेवलेल्या गटाचे जितके वजन घटले तितके चाचणीच्या गटाच्या वाढीत मिळवायचे आणि मग भागायचे. त्याला निव्वळ प्रथिन गुणोत्तर म्हणतात.

तांदूळ आणि गहू

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर या दोषातच आहे. जैविक मूल्य काढताना आपण शरीराची झीज वजा केली होती. त्यामुळे जे प्रथिन फक्त झीज भरून काढते त्यालाही जैविक मूल्यात बऱ्यापैकी गुण मिळतात. कार्यक्षमता गुणोत्तरात मात्र वाढ झाली तरच गुण. म्हणजे झीज भरायला पुरेसे पण वाढीला अपुरे असे एखादे प्रथिन असेल, तर पहिल्या रकान्यात ते उजळ दिसेल आणि दुसऱ्यात फिके पडेल. गव्हाचे नेमके तसेच झाले आहे.

झीज आणि वाढ यांच्या गरजा वेगळ्या असतात हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१४ मध्येच दाखवले होते. त्यांनी उंदरांना मक्यातले झेन नावाचे प्रथिन एवढेच प्रथिन म्हणून दिले. झेनमध्ये ट्रिप्टोफॅन आणि लायसिन ही दोन अमिनो आम्ले जवळजवळ नसतात. उंदीर खंगू लागले. आहारात ट्रिप्टोफॅन मिसळल्यावर त्यांचे खंगणे थांबले, वजन टिकले, पण वाढ झाली नाही. ट्रिप्टोफॅनबरोबर लायसिनही दिले तेव्हा ते वाढू लागले. लायसिन वाढीला हवे, नुसते टिकून राहायला फार थोडे पुरते.

गव्हाच्या प्रथिनात लायसिनचीच ओढ आहे. तांदळातही ते कमीच असते, पण गव्हापेक्षा जास्त. वाढत्या उंदराला तो फरक चांगलाच जाणवतो आणि वजनात दिसतो. तेव्हा 'तांदूळ चांगला की गहू' याचे नेमके उत्तर असे: वाढीसाठी तांदळाचे प्रथिन सरस, झीज भरण्यापुरते दोघे जवळजवळ सारखे. मापे भिन्न उत्तरे देतात, कारण त्यांनी वेगळे प्रश्न विचारलेले आहेत. यातले एक माप खोटे ठरवायची गरज नाही.

जिलेटीनवरचा प्रश्नही याच जातीचा. जिलेटीनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते. ते एकटेच दिले तर उंदराचे वजन घटते आणि गुणोत्तर ऋण येते. प्राणिज असूनही अपूर्ण प्रथिन कोणते, याचे पर्यायांमधले उत्तर म्हणून ते हमखास असते.

खिचडीला किती गुण?

प्राण्यांशिवाय, कागदावरच गुण काढायची रीत ब्लॉक आणि मिचेल यांनी १९४६ मध्ये दिली. प्रथिन बांधताना शरीराला प्रत्येक आवश्यक अमिनो आम्ल ठरावीक प्रमाणात लागते. दसऱ्याच्या तोरणात दोन झेंडूंमागे एक आंब्याचे पान ओवायचे ठरवले, की पाने संपल्यावर टोपलीभर झेंडू उरले तरी तोरण तिथेच थांबते. अमिनो आम्लांतले जे असे आधी संपते ते मर्यादक अमिनो आम्ल. त्याचे प्रमाण एका आदर्श प्रथिनाशी ताडून जो टक्का येतो तो रासायनिक गुणांक. ब्लॉक आणि मिचेल यांनी आदर्श म्हणून अंडे घेतले होते.

तांदूळ आणि मूगडाळीची खिचडी घेऊन हे करून पाहू. सोयीसाठी पूर्णांकात आकडे धरू. तांदळाच्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनात लायसिन सुमारे ३६ मिलिग्रॅम आणि गंधकयुक्त अमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन मिळून, सुमारे ४०. मुगात लायसिन सुमारे ७० आणि गंधकयुक्त २१. अंड्यात लायसिन ७० आणि गंधकयुक्त ५७.

तांदळात कमी पडते लायसिन: ३६ भागिले ७०, गुणांक ५१. मुगात लायसिन अंड्याइतके आहे पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी: २१ भागिले ५७, गुणांक अवघा ३७. आता खिचडी. शंभर ग्रॅम तांदळात साधारण ७ ग्रॅम प्रथिन आणि तीस ग्रॅम मूगडाळीतही साधारण तेवढेच. म्हणजे तीन वाटे तांदूळ आणि वाटाभर डाळ घेतली की निम्मे प्रथिन याचे, निम्मे त्याचे. मिश्रणात लायसिन येते ५३ आणि गंधकयुक्त ३०.५. अंड्याशी ताडले तर पहिले ७६ टक्के, दुसरे ५४ टक्के. जे कमी ते धरायचे, म्हणून खिचडीचा गुणांक ५४.

परीक्षेसाठी लक्षात ठेवायचे ते हे की ५१ आणि ३७ यांची सरासरी ४४ येते, पण खिचडीला ५४ मिळाले. मिश्रणाचा गुणांक घटकांच्या गुणांकांची सरासरी नसतो. आधी अमिनो आम्लांची बेरीज करायची, मग भागायचे. उलट क्रमाने केले की पूरकतेचा सगळा फायदा गणितातून नाहीसा होतो. जैविक मूल्य आणि कार्यक्षमता गुणोत्तर यांनाही हे लागू आहे. तांदळाचा आणि डाळीचा आकडा माहीत असला तरी त्यावरून वरणभाताचा आकडा काढता येत नाही. तो मिश्रणावरच मोजावा लागतो.

पण मुगाला ३७ गुण म्हणजे जरा अन्यायच वाटतो. तो कुठून आला ते पाहिले पाहिजे. अंड्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले माणसाच्या गरजेहून बरीच जास्त आहेत. कोंबडीच्या पिलाला पिसे फुटायची असतात, माणसाच्या मुलाला नाही. अंड्याशी ताडणे म्हणजे गरजेपेक्षा वरच्या पट्टीने मोजणे. म्हणून पुढे तज्ज्ञांनी अंडे बाजूला ठेवले आणि माणसाच्या मुलाची गरज हीच पट्टी केली. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी दर ग्रॅम प्रथिनामागे लायसिन ५८ आणि गंधकयुक्त अमिनो आम्ले २५ मिलिग्रॅम धरली आहेत.

खिचडी तीच, पट्टी नवी. तांदळाचे ३६ भागिले ५८, म्हणजे ६२. मुगाचे २१ भागिले २५, म्हणजे ८४. मिश्रणात लायसिनचे ५३ भागिले ५८, म्हणजे ९१, आणि गंधकयुक्त तर गरजेहून जास्त. खिचडीला ५४ च्या जागी ९१ मिळाले, आणि मूग तांदळाच्या खालून वर आला. पातेल्यात काहीच बदललेले नाही.

कार्यक्षमता गुणोत्तरातही कडधान्यांवर असाच अन्याय होतो, फक्त तिथे पिसांऐवजी केस आहेत. अंगभर लव वाढवणाऱ्या उंदराच्या पिलाला गंधकयुक्त अमिनो आम्ले माणसाच्या मुलापेक्षा जास्त प्रमाणात लागतात. त्यामुळे डाळी, शेंगदाणा, सोयाबीन यांच्यावर उंदीर जितका कमी वाढतो तितके ते प्रथिन माणसासाठी वाईट नसते. शेंगदाण्याचे १.६५ हे गुणोत्तर वाचताना हे ध्यानात ठेवावे. केसीनही गंधकयुक्त अमिनो आम्लांत कमीच असते. ज्याला मोजमापाचा आधार धरले त्याचाच आकडा ३.९२ या अंड्याच्या आकड्यापेक्षा इतका खाली का, याचे एक कारण तेही आहे.

नवी मापे, जुने प्रश्न

मानवी गरजेच्या पट्टीने काढलेला हा गुणांक खऱ्या पचनीयतेने गुणला की पीडीकॅस मिळतो, म्हणजे पचनीयतेने दुरुस्त केलेला अमिनो आम्ल गुणांक. खिचडीच्या प्रथिनाची पचनीयता ८५ टक्के धरली तर ९१ चे ७७ होतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी १९८९ मध्ये ही रीत सुचवली, तिचा अहवाल १९९१ मध्ये आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ मध्ये पाकिटांवरच्या प्रथिनांसाठी उंदरांचे गुणोत्तर सोडून हे माप घेतले, फक्त तान्ह्या बाळांच्या अन्नाला जुनेच माप ठेवले. तेही समजण्यासारखे आहे. तान्ह्या बाळाचे कामच वाढणे, आणि पीईआर वाढच मोजते.

पीडीकॅसमध्ये १०० च्या वर आलेला गुणांक छाटून १०० करतात. त्यामुळे दूध आणि अंडे दोघांनाही पूर्ण गुण मिळतात, पण दुधातले जास्तीचे लायसिन भाकरीतली लायसिनची तूट भरून काढते हे त्या गुणांत दिसत नाही. शिवाय पचनीयता विष्ठेवरून काढतात, आणि मोठ्या आतड्यातले जंतू तो हिशेब बिघडवतात. म्हणून २०१३ च्या अहवालात डायस हे माप सुचवले गेले. त्यात लहान आतड्याच्या शेवटी, आणि प्रत्येक अमिनो आम्लाची पचनीयता वेगळी मोजतात आणि एकट्या पदार्थाचा गुणांक शंभरावर छाटत नाहीत.

तरी प्रश्नपत्रिकेत जैविक मूल्य आणि पीईआर अजून येतात, आणि आकड्यांवरून विद्यार्थी गोंधळतात. एका पुस्तकात अंड्याचे जैविक मूल्य ९४ असते, दुसऱ्यात १००. दोन्ही बरोबर असू शकतात. ९४ हा मोजलेला आकडा आहे. १०० हा अंड्यालाच आदर्श मानून इतरांना त्याच्या प्रमाणात बसवल्यावरचा. प्रश्नात 'संदर्भ प्रथिन' असे शब्द असतील तर दुसरी पट्टी चालू आहे असे समजावे.

या दोन पट्ट्यांतला फरक ओळखला तर बाजारातलेही एक कोडे सुटते. जिममध्ये वापरायच्या व्हे प्रथिनाच्या जाहिरातींत 'जैविक मूल्य १०४' असे छापलेले असते, कधी त्याहूनही मोठा आकडा. विद्यार्थ्यांना हे वाक्य देऊन चूक शोधायला सांगावे. शोषलेल्या १०० ग्रॅम नायट्रोजनमधून १०४ ग्रॅम शरीरात राहू शकत नाही. व्याख्येप्रमाणे हे माप शंभराच्या वर जातच नाही. जाहिरातीतला आकडा अंड्याला १०० धरून काढलेला असतो, आणि डब्यावर मात्र टक्के असल्यासारखा छापलेला असतो. आणखी एक गोष्ट उत्तरात लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. जैविक मूल्य मोजतात प्रथिन बेताचे दिलेले असताना. डबा विकत घेणारा मात्र ते पोटभर जेवणावर वरून घेत असतो. तेवढ्या प्रथिनावर व्हेचे जैविक मूल्यही खाली येते, आणि उरलेला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो.